फेनिटॉइनची लेव्हल कमी, मग डोस वाढवायचाच?

"रिपोर्टमध्ये फेनिटॉइन या फिट्सवरच्या औषधाची रक्तातली लेव्हल १० च्या खाली आली, म्हणजे डोस कमी पडतोय ना?"

नाही, आधी अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन किती आहे ते बघा. फेनिटॉइन साधारण ९० टक्के अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं आणि काम करतो तो उरलेला मोकळा भाग. नेहमीची तपासणी दोन्ही मिळून मोजते. १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली ही रेंज अल्ब्युमिन नॉर्मल असलेल्यांसाठी आहे.

समजा, रोज ३०० मिग्रॅ घेणाऱ्या पेशंटची लेव्हल ८ आली आणि अल्ब्युमिन कमी, २ ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. फिट्स थांबल्यात, पण चालताना तोल जातो, बाजूला बघताना डोळे थरथरतात. ही तर जास्त औषधाची लक्षणं! कमी अल्ब्युमिनचा हिशोब धरून लेव्हल दुरुस्त करणारं शाइनर-टोझर सूत्र लावा: ८ ÷ (०.२ × २ + ०.१) = १६. म्हणजे दुरुस्त केलेली लेव्हल रेंजमध्येच आहे, तीही वरच्या बाजूला. इथे डोस ४०० केला तर घात होईल, कारण यकृतातली एन्झाइम्स भरत आली की थोड्या वाढीनेही लेव्हल एकदम उसळते.

अर्थात सूत्र हा अंदाजच. किडनी निकामी असेल किंवा सोबत व्हॅलप्रोएट हे फिट्सवरचं दुसरं औषध चालू असेल, तर त्यावर विसंबू नका; शक्य असेल तिथे मोकळं फेनिटॉइनच मोजून घ्यावं, त्याची रेंज १ ते २.

सॅम्पल पुढच्या डोसच्या जरा आधी घ्यावं. डोस बदलल्यावर दुसऱ्याच दिवशीच्या आकड्यावरून पुन्हा डोस ठरवू नये. लेव्हल स्थिरावायला आठवडाभर, कधी त्याहून जास्त लागतो.