केस रिपोर्टचे पाच भाग कुठून आले

एखादा रेसिडेंट पहिला केस रिपोर्ट लिहायला बसतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुतेक वेळा डिस्चार्ज कार्ड असते. त्यातली वाक्ये तो ओळीने उतरवतो, शेवटी चार संदर्भ जोडतो आणि पाठवून देतो. नियतकालिकाकडून उत्तर येते, की प्रस्तावना, रुग्णाची हकीकत, टाइमलाइन, चर्चा आणि संमतीचे निवेदन असे भाग करून पुन्हा पाठवा. हे संपादकाचे नुसते खूळ आहे, असे अनेकांना वाटते. पण हे भाग एकाच वेळी कोणी ठरवलेले नाहीत. प्रत्येकाच्या मागे वेगळा काळ आणि वेगळी अडचण आहे. त्यातली टाइमलाइन आणि संमती या दोन भागांची कथा सर्वांत लांबची, म्हणून इथे भर त्यांच्यावर आहे.

टाइमलाइन हा या पाचांतला सर्वांत जुना भाग म्हणता येईल. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथसंग्रहात साथीच्या आजारांवरची पुस्तके आहेत. त्यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या पुस्तकात मिळून 42 रुग्णांच्या हकीकती आहेत. पहिला रुग्ण फिलिस्कस. पहिल्या दिवशी जोराचा ताप आणि घाम, दुसऱ्या दिवशी सगळेच वाढले, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरल्यासारखा वाटला आणि संध्याकाळी परत चढला, लघवी काळी झाली. सहाव्या दिवशी तो गेला. निदानाचे नाव नाही, उपचारांचे कौतुक नाही, फक्त दिवस आणि त्या दिवशी काय दिसले. या क्रमामुळेच आजचा डॉक्टर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या तापाबद्दल तर्क करू शकतो. याच हकीकतीत आणखी एक गोष्ट आहे: रुग्णाचे नाव दिले आहे आणि तो तटबंदीजवळ राहत होता हेही सांगितले आहे. म्हणजे वेळ अचूक आणि ओळख उघडी. पुढचा इतिहास या दोन्हींशी जोडलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात वैद्यकीय नियतकालिके वाढली आणि रुग्णालयातल्या हकीकती छापून येऊ लागल्या. लेखन ऐसपैस असे. लेखक आधी आपल्या अनुभवाबद्दल बोले, मग रुग्णाकडे वळे. विसाव्या शतकात संशोधन लेखांना प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा असा साचा मिळाला, आणि 1970 च्या दशकापर्यंत तो वैद्यकीय नियतकालिकांत जवळपास सगळीकडे रुळला. एका रुग्णाच्या हकीकतीत ‘पद्धती’ आणि ‘निष्कर्ष’ बसत नाहीत. त्यांच्या जागी ‘रुग्णाची हकीकत’ आली, आधी प्रस्तावना आणि नंतर चर्चा राहिली. वाचणाऱ्याची सोय झाली, पण एक नुकसानही झाले. हकीकत दिवसांप्रमाणे न जाता तक्रार, तपासणी, रक्ताचे अहवाल, उपचार अशा गटांत विभागली गेली. गट पडले की आधी काय आणि नंतर काय, हे पुसट होते.

ते कसे, हे एका उदाहरणाने पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण कोकणातल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात घडू शकेल असे. लाल विंचवाच्या विषाबद्दल जगाने जे शिकले, त्यात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा वाटा फार मोठा आहे. विंचू चावल्यावरची सुरुवातीची लक्षणे आणि हृदयावरचा परिणाम यांवरचे त्यांचे लेखन 1982 मध्ये, आणि प्राझोसिन या औषधाच्या वापराबद्दलचे 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तालुक्याच्या गावात नीट पाहून नीट लिहिलेल्या हकीकतींतून काय घडू शकते, याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

तर समजा, आपल्यासमोर हा मसुदा आहे: “34 वर्षांच्या पुरुष रुग्णास विंचूदंशानंतर दाखल करण्यात आले. उलट्या, घाम, हातपाय थंड. रक्तदाब 160/110, नाडी 130. छातीत दोन्ही बाजूंना फुफ्फुसात पाणी झाल्याचे आवाज. प्राझोसिन व ऑक्सिजन दिला. रुग्ण बरा होऊन घरी गेला. प्राझोसिन हे विंचूदंशावर परिणामकारक आहे.”

यात खोटे काही नाही. पण फुफ्फुसात पाणी औषधाच्या आधी झाले की नंतर? चावल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत किती वेळ गेला? मधल्या काळात कोणी काही दिले का? मसुदा गप्प आहे. रुग्णाला आणि त्याच्या भावाला पुन्हा विचारले, केसपेपरवरच्या वेळा जुळवल्या, की हे हाती येते. चावा बसला तो शून्य तास. पाऊण तासात दोन उलट्या आणि अंगावरून निथळणारा घाम, तळवे गार. अडीच तासांनी जवळच्या दवाखान्यात वेदनेचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले. चार तासांनी दम लागू लागला. साडेचार तासांनी रुग्णालयात आणले आणि दहा मिनिटांत पहिली गोळी दिली. त्यानंतर हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी गोळी, आणि सोळाव्या तासाला पाय कोमट, दम कमी. घरी सोडले ते तिसऱ्या दिवशी.

एवढे एका छोट्या तक्त्यात मांडले की चर्चेचा विषयच बदलतो. आता मुद्दा ‘प्राझोसिन परिणामकारक आहे’ हा उरत नाही. तो एका रुग्णावरून सिद्ध होतही नाही, कारण विषाने उठलेले हे वादळ एक-दोन दिवसांत आपोआपही ओसरू शकते. औषधांची तुलना करण्याची जागा वेगळी असते: प्राझोसिन एकटे आणि प्राझोसिनसोबत प्रतिविष, अशी चाचणी महाडमध्येच झाली आणि 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. आपल्या रुग्णाने दाखवलेली गोष्ट निराळी आहे. उलटी, घाम आणि गार तळवे ही चिन्हे दम लागण्याच्या सव्वातीन तास आधी हजर होती, आणि त्या मधल्या वेळात रुग्ण एका डॉक्टरसमोर बसलेलाही होता. चर्चा यावर व्हायला हवी. प्रस्तावनाही मग आपोआप आखडते. ‘विंचू हा अष्टपाद प्राणी असून’ इथून सुरुवात करायची गरज राहत नाही. सुरुवातीची चिन्हे का हुकतात आणि हा रुग्ण त्यात काय भर घालतो, एवढ्या दोन परिच्छेदांत ती संपते. अनुभवी माणसे प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहितात ती याचसाठी.

घड्याळाची ही उणीव जगभरच्या संपादकांना जाणवत होती. ऑक्टोबर 2012 मध्ये मिशिगन विद्यापीठात तज्ज्ञांची बैठक झाली आणि 2013 मध्ये ‘केअर’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे अनेक नियतकालिकांत एकदमच प्रसिद्ध झाली. त्यात 13 बाबींची यादी आहे. टाइमलाइनला तिथे स्वतंत्र जागा मिळाली, आणि ती तक्ता किंवा आकृती म्हणून दाखवा असे सांगितले गेले. रुग्णाचे स्वतःचे म्हणणे आणि त्याची माहितीपूर्ण संमती याही त्या यादीतल्या वेगळ्या बाबी आहेत. आपले पाच भाग म्हणजे याच तेरा बाबींची आटोपशीर मांडणी. निदान, उपचार आणि फॉलो-अप हे सगळे रुग्णाच्या हकीकतीत सामावतात.

संमतीचा भाग सर्वांत उशिरा आला. विसाव्या शतकाचा बराच काळ चेहऱ्याच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारली की काम झाले, असे मानले जाई. 1995 मध्ये वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने रुग्णाच्या खासगीपणाबद्दल कडक भूमिका घेतली: ओळख पटण्याची शक्यता असेल तर लेखी संमती हवी, डोळ्यांवरची पट्टी पुरेशी नाही, आणि ओळख लपवण्यासाठी माहिती खोटी करायची नाही. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये एक मोठे प्रकरण गाजत होते. 1994 मध्ये तिथल्या प्रसूतिशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात गर्भाशयाबाहेरचा गर्भ पुन्हा गर्भाशयात रुजवल्याचा केस रिपोर्ट आला होता, आणि चौकशीत अशी रुग्ण सापडलीच नाही. संमतीचा नियम त्या प्रकरणातून जन्मला नाही. पण रुग्णाची सही असलेला कागद एवढे तरी सांगतो, की असा माणूस आहे.

भारतातला नियम यापेक्षा सैल होता. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेतले कलम 7.17 सांगते, की ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो किंवा केस रिपोर्ट परवानगीशिवाय छापू नये. ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही. ‘नाव काढले आहे, मग संमती कशाला?’ हा आपल्याकडे हमखास ऐकू येणारा प्रश्न या दुसऱ्या अर्ध्या वाक्याला धरूनच आहे. माझ्या मते ही सवलत घेऊच नये. वर दिलेल्या विंचूदंशाच्या हकीकतीत तारीख, तालुका, वय आणि भाताचा पेंढा उचलताना चावला एवढे लिहिले, तर गावातल्या कोणालाही तो कोण हे कळेल. आणि या विषाचे एक महत्त्वाचे सुरुवातीचे लक्षण म्हणजे पुरुषाच्या लिंगाला न ओसरणारी ताठरता. वैद्यकीय दृष्टीने ते लिहिलेच पाहिजे. पण त्या माणसाला विचारल्याशिवाय ते छापणे मला कोणत्याही नियमाने योग्य वाटत नाही.

इथे टाइमलाइन आणि संमती एकमेकींना छेदतात. टाइमलाइनला वेळ अचूक हवी आणि खासगीपणाला तारीख नको. म्हणून तक्त्यात तारखा न देता ‘शून्य तास’, ‘साडेचार तास’, ‘तिसरा दिवस’ असे लिहितात. तासांमधले अंतर शाबूत राहते आणि दिनदर्शिका निघून जाते. गावाचे नाव गाळायचे, ‘पश्चिम भारतातला ग्रामीण भाग’ पुरते. वय मात्र बदलायचे नाही; फार तर ‘तिशीतला पुरुष’ असे लिहायचे. व्यवसाय विषयाशी संबंधित असेल तरच ठेवायचा, आणि इथे शेतमजूर असणे संबंधित आहे.

संमती घेताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे उपचारांच्या संमतीपत्रालाच प्रसिद्धीची संमती समजणे. भरतीच्या वेळी घेतलेली सही उपचारांपुरती असते. प्रसिद्धीसाठी वेगळा कागद लागतो, रुग्णाला समजणाऱ्या भाषेत, आणि त्यात लेख इंटरनेटवर कोणालाही वाचता येईल व नाव नसले तरी ओळख पटण्याची शक्यता पूर्ण संपत नाही, हे स्पष्ट सांगावे लागते. मसुदा त्याला वाचून दाखवावा, ताठरतेच्या वाक्यासकट. तो ‘हे काढा’ म्हणाला तर काढायचे, आणि त्यामुळे रिपोर्टचा अर्थच जात असेल तर रिपोर्ट पाठवायचा नाही. रुग्ण दगावला असेल तर जवळच्या नातलगाची संमती घेतात. लहान मूल असेल तर पालकांची.

लेखात या सगळ्याचे एकच वाक्य छापले जाते: “या अहवालाच्या प्रसिद्धीसाठी रुग्णाकडून लेखी संमती घेतली आहे, संपादकांना हवी असल्यास तिची प्रत उपलब्ध आहे.” सही असलेला कागद सहसा लेखकाकडेच राहतो, लेखासोबत छापला जात नाही. ही सही रुग्ण घरी जाण्यापूर्वी घ्यावी. चार महिन्यांनी संपादकाने मागितल्यावर शोधायला निघाले, तर फोन नंबर बदललेला असतो आणि मजूर ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो.