आठ ओळींचं कोष्टक, सत्तावीस ओळींचा क्यूब

दुकानदारीत रोजकीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी. गिऱ्हाईक समोर उभं असताना रोजकीर्दीत एक ओळ पडते. वर्षभरात कोणत्या खात्यावर काय झालं हे बघायचं असेल तर खतावणी उघडतात. संगणकावर मात्र बरीच वर्षं दोन्ही कामं एकाच वहीवर होत होती, आणि ओएलटीपी व ओएलएपी ही दोन नावं त्या ओढाताणीतून आली.

ओएलटीपी म्हणजे ऑनलाइन ट्रॅन्झॅक्शन प्रोसेसिंग. त्याचं जुनं आणि ठळक उदाहरण म्हणजे 1960च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएमने उभारलेली सेबर ही विमान-आरक्षण यंत्रणा. आरक्षण करणारे अनेक, प्रत्येकाचं काम एक-दोन नोंदींपुरतं, पण तीच जागा दोघांना विकली जाता कामा नये. त्यामुळे नोंद बदलत असताना तिला कुलूप लागतं, आणि ते लगेच सुटावं लागतं.

आता त्याच डेटाबेसवर एखादा साहेब विचारतो, “गेल्या दोन वर्षांत कुठल्या मार्गावर तिकिटं कमी खपली?” या प्रश्नाला एक नोंद पुरत नाही, लाखो नोंदी वाचाव्या लागतात, मात्र प्रत्येकीतले दोन-तीनच रकाने लागतात. वाचनासाठीही कुलूप घेणाऱ्या डेटाबेसमध्ये असा अहवाल सुरू असताना खिडकीवरचं काम अडतं. नोंदीच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या डेटाबेसमध्ये ते अडत नाही. तिथे अहवालाची पानं मेमरीत शिरतात, खिडकीला लागणारी पानं बाहेर ढकलली जातात आणि सगळंच मंदावतं. ओळखायची खूण सोपी आहे: व्यवहार तेवढेच, पण रोज अहवालाच्या वेळेला प्रतिसाद सुस्तावतो. म्हणून अहवालासाठी रात्री वेगळी प्रत काढायची पद्धत पडली. तिची किंमत अशी की अहवालात दिसतो तो कालचा आकडा.

गंमत म्हणजे या दुसऱ्या बाजूचं बारसं पहिल्या बाजूच्या माणसानेच केलं. माहिती कोष्टकांत ठेवायचं रिलेशनल मॉडेल 1970 साली मांडणारे एडगर कॉड यांनी 1993 साली ओएलएपी, म्हणजे ऑनलाइन अ‍ॅनालिटिकल प्रोसेसिंग, हा शब्द रूढ केला आणि त्यासाठी बारा नियम सांगितले. अनेक परिमाणांत, म्हणजे कंपनी, वर्ष, रंग अशा अनेक बाजूंनी, आकडे बघू देणारी साधनं त्याआधीही होती. एक्सप्रेस 1970च्या दशकापासून चालू होतं. कॉड यांचं लेखन मात्र एसबेस हे असंच उत्पादन विकणाऱ्या आर्बर सॉफ्टवेअरच्या पैशावर झालं होतं. हे कळल्यावर ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’ने त्यावरचा छापलेला लेख मागे घेतला. नियमांवर वाद झाले, नाव मात्र टिकलं.

दुसरे जिम ग्रे. त्यांची कीर्ती ट्रॅन्झॅक्शनच्या कामासाठी. 1998चं ट्युरिंग पारितोषिकही प्रामुख्याने त्याचसाठी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1996 साली डेटा क्यूबवरचा, म्हणजे सगळ्या परिमाणांच्या सगळ्या उपबेरजा एकत्र धरणाऱ्या मांडणीवरचा, निबंध मांडला. त्यातलं उदाहरण इतकं लहान आहे की ते बोटांवर तपासता येतं. दोन कंपन्यांच्या गाड्या, दोन वर्षं, दोन रंग, म्हणजे आठ ओळी. शेव्हीच्या काळ्या गाड्या 1994 साली 50 आणि 1995 साली 85. पांढऱ्या 40 आणि 115. फोर्डच्या काळ्या 50 आणि 85. पांढऱ्या 10 आणि 75.

रोल-अप म्हणजे तपशील गुंडाळून वर जाणं. रंग सोडून दिला की शेव्ही 90 आणि 200, फोर्ड 60 आणि 160. वर्षही सोडलं की शेव्ही 290, फोर्ड 220. कंपनीही सोडली की उरतात 510. परिमाण न सोडता त्याच्या पायऱ्या चढणं, म्हणजे दिवसावरून महिन्यावर आणि महिन्यावरून वर्षावर जाणं, हाही रोल-अपच. आठवडा मात्र या शिडीत बसत नाही, कारण तो दोन महिन्यांत विभागला जाऊ शकतो.

ड्रिल-डाउन याच्या उलट. एकूण विक्री 150 वरून 360 झाली, का? कंपनीनुसार खाली उतरलं तर दोन्ही वाढलेल्या दिसतात, त्यातून फारसं हाती लागत नाही. रंगानुसार उतरलं की काळ्या 100 वरून 170, पण पांढऱ्या 50 वरून 190. वाढीचा मोठा वाटा पांढऱ्याचा. इथून महिन्यांत उतरायचं म्हटलं तर वाट बंद, कारण साठवताना वर्षच साठवलं आहे. क्यूब उभारताना सगळ्यात बारीक नोंद कोणती ठेवायची हे ठरवलं जातं, आणि त्याखाली कितीही क्लिक केलं तरी काही मिळत नाही.

स्लाइस म्हणजे एका परिमाणावर एकच किंमत पक्की करून काप घेणं: फक्त 1994. उरतं कंपनी आणि रंगाचं सपाट कोष्टक. डाइस दाखवायला ग्रे यांचं कोष्टक तोकडं पडतं, कारण प्रत्येक परिमाणात दोनच किमती आहेत. समजा सहा वर्षं आणि पाच रंग असते, तर त्यातली शेवटची तीन वर्षं आणि दोन रंग निवडणं म्हणजे डाइस. हाती येतो तो लहान क्यूबच. एकही परिमाण गळत नाही.

निबंधाची खरी तक्रार डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेबद्दल होती. सगळ्या उपबेरजा हव्या असतील तर प्रत्येक जोडणीसाठी वेगळा `GROUP BY` लिहून ते `UNION`ने जोडावे लागत. तीन परिमाणांना आठ, सहा परिमाणांना चौसष्ट. त्याऐवजी त्यांनी एकच क्रिया सुचवली, आणि ती 1999च्या एसक्यूएल प्रमाणात आली:

```sql
SELECT Model, Year, Color, SUM(Units)
FROM Sales
GROUP BY CUBE (Model, Year, Color);
```

प्रत्येक परिमाणात दोन किमती आणि तिसरी ‘सगळे’, म्हणून तीन गुणिले तीन गुणिले तीन, अशा सत्तावीस ओळी येतात. `CUBE`च्या जागी `ROLLUP` लिहिलं तर एकाच क्रमाने वर चढणाऱ्या पंधराच ओळी मिळतात, आणि रकान्यांचा क्रम बदलला की उपबेरजाही बदलतात.

इथे एक चूक फार होते. या सत्तावीस ओळी कुणी तक्ता समजून पुन्हा बेरजेला लावल्या, तर 510 ऐवजी 4080 येतात. बरोबर आठपट, कारण प्रत्येक परिमाण बेरीज एकदा दुप्पट करतं. उत्तर खऱ्याच्या नेमकं दुप्पट, चौपट किंवा आठपट आलं तर आधी उपबेरजांच्या ओळी शोधाव्यात. त्या ओळींत ‘सगळे’ऐवजी `NULL` छापलेलं असतं आणि ज्या गाडीचा रंग नोंदवायचाच राहिला तिच्याही रकान्यात `NULL`च असतं, दोन्हींतला फरक `GROUPING(Color)` सांगतं. उपबेरजेला ते 1 देतं, खऱ्या नोंदीला 0.

शिवाय सगळेच आकडे असे वर चढत नाहीत. बेरीज चढते. सरासरी चढवायला बेरीज आणि संख्या दोन्ही जपून ठेवाव्या लागतात, नाहीतर सरासऱ्यांची सरासरी निघते. वेगवेगळ्या ग्राहकांची संख्या तर अशी चढतच नाही: जानेवारीत आलेला माणूस फेब्रुवारीतही आला असेल, तर दोन महिन्यांच्या बेरजेत तो दोनदा मोजला जातो, आणि तिमाहीचा खरा आकडा काढायला मूळ नोंदींकडेच परत जावं लागतं.