घनाचा एक कोपरा, बारा चिप आणि आजचा शेडर

कॉम्प्युटर ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल सुरू झालं की फिरणाऱ्या घनाचे दोन वेगळे प्रोग्राम मुलांच्या हातात येतात. सीनियरच्या जुन्या जर्नलमधला `glBegin` ने सुरू होतो आणि पानभरात संपतो. नव्या ट्युटोरियलमधला बफर, शेडर आणि मॅट्रिक्स यांतून जात चौपट लांब होतो. ऐरोलीच्या कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या पुतणीने कळव्याच्या घरी हे दोन्ही समोर ठेवून विचारलं, "काका, दोन्ही ओपनजीएलच आहेत ना? मग यातलं त्यात का चालत नाही?" तिचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला 1982 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये जिम क्लार्क यांनी जॉमेट्री इंजिन नावाची चिप घडवली. अशा बारा सारख्याच चिप एकामागोमाग जोडायच्या, आणि कोणती चिप काय करणार ते सुरुवातीला ठरवून द्यायचं. पहिल्या चार चिप बिंदूला मॅट्रिक्सने गुणत. पुढच्या सहा क्लिपिंग करत, म्हणजे दिसणाऱ्या भागाच्या सहा सीमांपैकी प्रत्येकीला एक चिप. शेवटच्या दोन बिंदूला पडद्यावरच्या जागी आणून ठेवत. एक बिंदू पुढच्या चिपकडे गेला की मागच्या चिपमध्ये दुसरा शिरायचा, कुणी रिकामं बसायचं नाही. पाइपलाइन ती हीच. क्लार्क यांनी त्याच सुमारास सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी काढली. तिच्या आयरिस जीएल या लायब्ररीतून 1992 मध्ये ओपनजीएल आलं आणि टप्प्यांचा हा क्रमही त्याच्यासोबत आला. तो आजही तसाच आहे.

घनाचा एकच कोपरा या वाटेने नेऊन पाहू. घन 2 एकक रुंद, मध्य शून्यावर, म्हणून कोपरा (1, 1, 1). घन उभ्या अक्षाभोवती 45 अंश फिरवला की हा कोपरा (1.41, 1, 0) वर जातो. हे मॉडेल मॅट्रिक्सचं काम. कॅमेरा 5 एकक मागे आहे, आणि ओपनजीएलमध्ये कॅमेरा उणे z कडे पाहतो, म्हणून व्ह्यू मॅट्रिक्सनंतर कोपरा (1.41, 1, −5). मग प्रोजेक्शन. उभा कोन 90 अंश, खिडकी 800 बाय 600, जवळची सीमा 1 आणि दूरची 10 धरली, तर हाती चार आकडे येतात: (1.06, 1, 3.89, 5). चौथा आकडा w. तो इथे कॅमेऱ्याच्या नजरेच्या दिशेने मोजलेलं अंतर आहे, दुसरं काही नाही; लांबचं लहान दिसावं म्हणून पुढे बाकीचे तिन्ही आकडे त्याने भागायचे असतात.

आता क्लिपिंग. पहिले तिन्ही आकडे −5 ते 5 च्या आत आहेत, म्हणून कोपरा वाचला. ही तपासणी w ने भागण्याआधीच का? कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या बिंदूचा w उणे असतो. आधी भागलं तर उण्याला उणं जाऊन तो बिंदू उलटा होऊन समोर दिसू लागेल. म्हणून 1982 मध्येही क्लिपिंगच्या सहा चिप शेवटच्या दोघींच्या आधी होत्या. आपला कोपरा भागाकारानंतर (0.21, 0.2, 0.78) होतो आणि खिडकीत डावीकडून 485 व्या, खालून 360 व्या पिक्सेलच्या आसपास बसतो.

जुन्या जर्नलमधल्या प्रोग्राममध्ये हे सगळं ग्राफिक्स लायब्ररीच्या आत घडे. आपण `glRotatef` म्हणायचं आणि मॅट्रिक्स तिने सांभाळायचं. पीसीवर चित्र थोडं वेगळं होतं. 1996 चं व्हूडू कार्ड फक्त त्रिकोण भरायचं, कोपऱ्यांचं गणित सीपीयूकडेच राही. 1999 मध्ये जीफोर्स 256 ने तेही कार्डावर घेतलं. पण प्रकाश कसा पडावा, रंग कसा मिसळावा याची सूत्रं पक्की बसवलेली होती आणि गेम बनवणाऱ्यांना ती अपुरी पडू लागली. 2001 च्या जीफोर्स 3 मध्ये कोपऱ्यांच्या टप्प्यावर आपला स्वतःचा प्रोग्राम चालवता येऊ लागला. असा प्रोग्राम म्हणजे शेडर, आणि 2004 च्या ओपनजीएल 2.0 ने तो लिहिण्याची भाषा मूळ प्रणालीतच घेतली. म्हणजे पहिल्या चार चिपचं काम आता या एका ओळीत तुम्ही लिहिता:

```glsl
#version 330 core
layout (location = 0) in vec3 pos;
uniform mat4 model, view, proj;
void main() {
    gl_Position = proj * view * model * vec4(pos, 1.0);
}
```

गुणाकार उजवीकडून वाचायचा. `view` आणि `model` ची अदलाबदल झाली तर चूक पडद्यावर लगेच ओळखू येते: घन जागच्या जागी न फिरता कॅमेऱ्याभोवती फेरी मारतो आणि मध्येच बाहेर निघून जातो. घन फिरवताना दर फ्रेमला फक्त `model` बदलतो. कोपरे एकदाच कार्डाच्या मेमरीत जातात, ते पुन्हा पाठवायचे नसतात. `glBegin` मध्ये प्रत्येक फ्रेमला प्रत्येक कोपरा सीपीयूकडून जायचा. मोठ्या मॉडेलला ते झेपेना, म्हणून 2009 मध्ये ओपनजीएल 3.1 ने ही जुनी पद्धत काढली. त्याच वर्षी 3.2 ने जुनं वगळणारा कोअर आणि जुनंही चालू देणारा कंपॅटिबिलिटी असे दोन प्रोफाइल केले. पुतणीची अडचण इथेच होती. नव्या ट्युटोरियलप्रमाणे कोअर प्रोफाइलची खिडकी उघडून तिने आत `glBegin` टाकलं होतं. प्रोग्राम कंपाइल होतो, खिडकी येते, पण आत काहीच नाही. `glGetError()` छापून पाहिलं की 1282 मिळतो, म्हणजे `GL_INVALID_OPERATION`.

कोपऱ्यांनंतर त्रिकोणाच्या आतले पिक्सेल भरले जातात, फ्रॅगमेंट शेडर त्यांना रंग देतो आणि मग येते डेप्थची तपासणी. ही कल्पना या सगळ्या चिपांहून जुनी. एडविन कॅटमुल यांनी युटा विद्यापीठातल्या 1974 च्या प्रबंधात ती मांडली, आणि त्याच वर्षी जर्मनीत वोल्फगांग श्ट्रासर यांनीही. प्रत्येक पिक्सेलजवळ आतापर्यंतच्या सर्वांत जवळच्या बिंदूची खोली लिहून ठेवायची, नवा त्याहून जवळ असेल तरच रंगवायचा. आपल्या खिडकीला 24 बिटांच्या हिशेबाने यासाठी 14 लाख 40 हजार बाइट लागतात. तेव्हा मेमरी इतकी महाग होती की त्रिकोण आधी क्रमाने लावणाऱ्या किचकट पद्धती स्वस्त ठरत. मेमरी स्वस्त झाली आणि हीच पद्धत टिकली.

ती आपोआप चालू मात्र नसते. `glEnable(GL_DEPTH_TEST)` विसरलात तर घनाची मागची बाजू पुढच्या बाजूवर रंगते आणि घन आतून उलटल्यासारखा वाटतो. दर फ्रेमला `GL_DEPTH_BUFFER_BIT` पुसायचं राहिलं तर पहिल्या फ्रेमला घन दिसतो, पुढे त्याचे तुकडेच लुकलुकतात.

भागाकारानंतरचा 0.78 हा −1 ते 1 मधला आकडा 0 ते 1 मध्ये बसवला की आपल्या कोपऱ्याची खोली 0.89 येते, तो 1 आणि 10 च्या जवळजवळ मध्यावर असूनही. w ने भागल्यामुळे बहुतेक आकडे जवळच्या अंतरावरच खर्च होतात, म्हणून जवळची सीमा उगाच लहान ठेवू नये. ती 0 ठेवली तर प्रत्येक बिंदूची खोली 1 होते. बफरही पुसल्यावर 1 वरच असतो, आणि नेहमीची तपासणी "लहान असेल तरच" अशी असल्याने एकही पिक्सेल रंगत नाही. अशा वेळी शेडर तपासत बसण्याआधी प्रोजेक्शनला दिलेली जवळची सीमा पाहावी.