कोटेशन दिलं, पण तिकडून उत्तरच नाही?

आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या कार्यालयात कोटेशनं, पत्रं तयार करून घ्यायला येणारे बरेच ग्राहक आठवड्याभराने विचारतात, ‘आता फोन करू का? आपण मागे लागलोय असं वाटेल.’ त्यांच्यासाठी हे चार शब्द.

समजा, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याला शेडचे पत्रे बदलण्याचं कोटेशन तुम्ही २ मे रोजी दिलंत. मुदत ३१ मेपर्यंत. त्यानंतर सगळं शांत. याचा अर्थ नकार असाच नसतो. परचेसवाल्यांना बहुतेक वेळा आणखी दोन कोटेशनं मिळवून तुलनेचा तक्ता करावा लागतो, वर मंजुरी घ्यावी लागते. तुमच्याशी बोलणारा तिथला माणूस स्वतःच कुणाची तरी वाट पाहत असतो.

पाच-सहा कामाचे दिवस जाऊ द्या. मग त्याच ईमेलला उत्तर म्हणून लिहा, म्हणजे जुनं कोटेशन शोधावं लागत नाही. ‘कोटेशन मिळालं का?’, ‘काय ठरलं?’ असं विचारू नका. अशा प्रश्नाला समोरच्याकडे उत्तर नसतं, म्हणून तो टाळतो. ज्याचं उत्तर त्याला एका ओळीत देता येईल ते विचारा:

‘नमस्कार साहेब, पत्र्याची जाडी आम्ही ०.५० मिमी धरली आहे. तुमच्या इंजिनीअरना ही चालेल, की बदल हवा? बदल असल्यास सुधारित दर लगेच देतो.’

यात काकुळती नाही, कामाची गोष्ट आहे. उत्तर आलं, तर फाइल कुठे अडली आहे तेही बहुधा कळतं.

तरीही शांतता असेल, तर २० मेच्या सुमारास एक फोन करा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की छप्पर उघडता येत नाही, हे खरं कारण आहे, तेच सांगा. खोटी घाई मात्र दाखवू नका. ‘उद्यापासून दर वाढणार’ म्हणून परवा जुन्याच दराने काम घेतलंत, की पुढच्या वेळी कोण विश्वास ठेवणार? आणि कुणी न मागता दर कमी करणं तर मुळीच नको. आधीचा दर फुगवलेला होता, असाच त्याचा अर्थ लागतो. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका दिसल्या म्हणून ‘साहेब, वाचलंत ना?’ हेही नको.

मुदत संपताना शेवटचं पत्र: ‘कोटेशनची मुदत ३१ मेला संपते. तोवर कळवलंत तर माणसं राखून ठेवतो. नाहीतर काम पावसाळ्यानंतर आहे असं धरून तेव्हा नवे दर पाठवू.’ खूपदा उत्तर येतं ते या पत्रालाच, कारण ‘आत्ता नको’ म्हणणं त्यांना सोपं जातं.

जागा न दाखवता, एकही प्रश्न न विचारता ‘तासाभरात लेटरहेडवर दर द्या’ म्हणणाऱ्याला बहुधा तक्त्यातला तिसरा रकाना भरायचा असतो. तिथे एका फोननंतर थांबा.

दिवाळीत पाठवलेल्या कोटेशनाचे दिवस लाभपंचमीनंतरच, म्हणजे इथलं कामकाज पुन्हा सुरू झाल्यावरच मोजायला घ्या.