लिंबू भाकरीला, मटणाला नाही

बाजरीची भाकरी आणि मटणाचा रस्सा एकाच ताटात आहेत, वर लिंबू पिळलं आहे. लिंबामुळे भाकरीतलं लोह अंगी लागण्याचं प्रमाण वाढतं. मटणाच्या लालपणामागे जे लोह असतं, ज्याला हीम लोह म्हणतात, त्यावर मात्र लिंबाचा जवळपास काहीच परिणाम होत नाही. याच जेवणासोबत चहा घेतला तर भाकरीतलं लोह मार खातं आणि मटणातलं ते लोह सुरक्षित राहतं. पोटात सगळं एकत्र कालवलं जात असूनही असं घडतं, कारण ही दोन लोहं आतड्याच्या पेशीत वेगवेगळ्या वाटांनी शिरतात.

धान्य, कडधान्य आणि पालेभाज्यांमधलं लोह नॉन-हीम प्रकारचं असतं आणि ते बहुतांशी फेरिक रूपात, म्हणजे तीन धन प्रभार असलेलं, येतं. जठरातल्या आम्लात ते विरघळतं. पुढे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये, आम्लता कमी होते आणि हे लोह गंजासारख्या अविद्राव्य संयुगात बदलून साका धरू लागतं. शोषण मुख्यतः याच भागात होत असल्यामुळे हाताशी वेळ थोडा असतो. त्यातही फेरिक लोह पेशीत थेट शिरू शकत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरचं डीसायटीबी नावाचं एन्झाइम त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरस, म्हणजे दोन धन प्रभार असलेलं, करतं. मग शेजारचं डीएमटी-1 हे वाहक प्रथिन एका प्रोटॉनसोबत ते आत ओढतं. म्हणजे लोह विरघळलेलं, मोकळं आणि फेरस असेल तरच ही वाट उघडते.

या तिन्ही अटी स्वयंपाकघरातच मोडतात किंवा पाळल्या जातात. बाजरीच्या कोंड्यातलं फायटेट लोहाला घट्ट धरून ठेवतं. चहातले पॉलिफेनॉलही तेच करतात. क जीवनसत्त्व दोन बाजूंनी मदत करतं: ते फेरिक लोहाला फेरस करतं आणि आम्लता उतरल्यावरही त्याला विरघळलेलं ठेवतं. मात्र ते त्याच जेवणात पोटात जायला हवं. सकाळी खाल्लेला पेरू रात्रीच्या भाकरीच्या उपयोगी पडत नाही. उकळत्या आमटीत टाकलेल्या लिंबाचं क जीवनसत्त्व उष्णतेने बरंच नष्ट होतं, म्हणून लिंबू ताटात वाढल्यावरच पिळावं. अर्ध्या लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व साधारण दहाएक मिलिग्रॅमच असतं. परिणाम ठळक दिसायला 25 ते 50 मिलिग्रॅम लागतं, त्यामुळे लिंबासोबत कच्च्या कोबीची कोशिंबीर किंवा पेरूच्या फोडी असतील तर उत्तम.

हीम लोहाची तऱ्हा वेगळी आहे. मांसातल्या हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू पॉर्फिरिन नावाच्या कड्याच्या मध्यभागी बसलेला असतो. पचनात भोवतालचं प्रथिन तुटतं, कडं मात्र शाबूत राहतं. फायटेट किंवा चहातल्या पॉलिफेनॉलला आतलं लोह पकडता येत नाही आणि क जीवनसत्त्वालाही तिथे करण्यासारखं काही उरत नाही. प्रथिनाचे अर्धवट पचलेले तुकडे या हीमला विरघळलेलं ठेवतात. शुद्ध हीम एकटंच दिलं तर त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि शोषण घटतं. पेशी हे कडं अखंड आत घेते. आत गेल्यावर हीम ऑक्सिजनेज हे एन्झाइम ते फोडतं. त्यातून फेरस लोह, हिरवट बिलिव्हर्डिन आणि किंचित कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतं.

हीमला आत घेणारं प्रथिन नेमकं कोणतं, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. 2005 मध्ये एचसीपी-1 या प्रथिनाला तो मान मिळाला होता. पुढच्याच वर्षी त्याचं मुख्य काम फोलेट आत आणणं असल्याचं दिसलं आणि तो दावा ढिला पडला.

वाटा खरोखरच दोन आहेत याचा एक बोलका पुरावा डीएमटी-1 च्या जनुकातल्या दोषातून मिळतो. प्रयोगशाळेतल्या काही उंदरांमध्ये हा दोष असल्याचं 1997 मध्ये कळलं. त्यांना आतड्यातून लोह नीट शोषता येत नाही आणि तीव्र ॲनिमिया होतो. माणसातला असा दोष 2005 मध्ये प्रथम नोंदला गेला. त्या रुग्णालाही ॲनिमिया होता, पण यकृतात लोह भरपूर साठलेलं होतं. मग ते आत आलं कुठून? एक पटणारं उत्तर असं, की उंदरांच्या खाद्यात हीम जवळपास नसतं, माणूस मांस खातो आणि त्याची हीमची वाट चालूच राहते. अस्थिमज्जेत लाल पेशी घडतानाही डीएमटी-1 लागतं, म्हणून आत आलेलं लोह तिथे वापरता येत नाही आणि यकृतात साठत जातं. दोषी डीएमटी-1 थोडंफार काम करत असणं, हाही त्यातला भाग असू शकतो.

आता ताटाचा हिशेब मांडू. 100 ग्रॅम बाजरीच्या पिठात सुमारे 6 मिलिग्रॅम आणि 100 ग्रॅम मटणात सुमारे 2 मिलिग्रॅम लोह धरू. मटणातलं निम्मं हीम मानलं, तर ताटात हीम 1 आणि नॉन-हीम 7 मिलिग्रॅम. हीमचं शोषण 25 टक्के धरलं तर 0.25 मिलिग्रॅम आत जातं. नॉन-हीमचं 5 टक्के धरलं तर 0.35. एकूण लोहाचा आठवा हिस्सा असलेलं हीम शोषलेल्या लोहात पाच हिश्श्यांपैकी साधारण दोन हिस्से भरतं. क जीवनसत्त्वाने नॉन-हीमचं शोषण 10 टक्क्यांवर गेलं तर 0.35 चे 0.70 होतात. चहाने ते 2 टक्क्यांवर आलं तर 0.14 उरतात. दोन्ही वेळा हीमचे 0.25 जागच्या जागी राहतात. टक्के व्यक्तीगणिक बदलतात, पण कोणता आकडा हलतो आणि कोणता नाही हे बदलत नाही. प्रौढ पुरुषाच्या शरीरातून रोज साधारण 1 मिलिग्रॅम लोह जातं आणि पाळी येणाऱ्या स्त्रीच्या शरीरातून सरासरी त्याहून अधिक, तेव्हा हे दशांश क्षुल्लक नाहीत. मटणाचा आणखी एक फायदा आहे: मांस सोबत असलं की भाकरीतल्या लोहाचं शोषणही वाढतं.

मांसाहारी पदार्थातलं सगळं लोह हीम असतं असं मात्र नाही. बकऱ्याच्या रक्ताच्या रक्तीत ते जवळपास सगळं हीम असतं, तर कलेजीतला बराचसा भाग फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनात असलेला, म्हणजे नॉन-हीम असतो. अंड्यातलं लोहही हीम नव्हे. मटण फार वेळ कडक आचेवर शिजवलं की काही कडी फुटतात आणि ते लोह भाकरीच्या बाजूला जमा होतं. कलेजीत नॉन-हीम लोह बरंच असल्यामुळे तिच्यावर लिंबू पिळणं सार्थ आहे.

शाकाहारी ताटात हीमची वाट रिकामीच असते, सगळा भार डीएमटी-1 वर येतो. मटकी रात्रभर भिजवून दिवसभर मोड आणले की तिच्यातलंच फायटेज एन्झाइम फायटेट फोडू लागतं. चहा जेवणानंतर तासाभराने घेतला तर त्याची आडकाठी बरीच कमी होते. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर ही वाट अरुंद होते, कारण लोह मुळात नीट विरघळत नाही.

पेशीत शिरल्यावर दोन्ही लोहं एकाच साठ्यात मिसळतात आणि फेरोपोर्टिन या एकाच प्रथिनातून रक्तात जातात. यकृतातून येणारं हेप्सिडिन हे संप्रेरक फेरोपोर्टिन नष्ट करवतं. मग लोह पेशीतच फेरिटिनमध्ये अडकतं आणि तीन ते पाच दिवसांत ती पेशी झडली की शौचावाटे निघून जातं. जंतुसंसर्गात किंवा दीर्घकाळच्या दाहात हेप्सिडिन वाढतं, तेव्हा लिंबू आणि मटण दोघांचाही उपयोग घटतो. अशा वेळी रक्तातलं फेरिटिन दाहामुळे फुगून आकडा ठीक वाटू शकतो, म्हणून त्याच नमुन्यात सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिनही तपासून घ्यावं. दाह नसताना प्रौढाचं फेरिटिन लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमखाली असेल तर लोहाचा साठा संपलेला आहे, हिमोग्लोबिन अजून घसरलेलं नसलं तरीही.