बस सेक्शनमधला रिअ‍ॅक्टर आणि त्याच्या ‘टक्क्यां’चा घोळ: पार्श्वभूमी

बसबार, म्हणजे जनित्रांची वीज एकत्र येऊन पुढे वाटली जाते त्या पट्ट्या, यांचे दोन तुकडे किंवा सेक्शन करून त्यांच्यामध्ये रिअ‍ॅक्टर, म्हणजे प्रवाहाला अडसर करणारं वेटोळं, बसवण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोठ्या वीजकेंद्रांतली आहे. जनित्रं एकाच बसवर जोडत गेली, तशी फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्ट सर्किट झाल्यावर वाहणारा प्रवाह, तो तोडणाऱ्या त्या काळच्या ऑईल ब्रेकरच्या आवाक्याबाहेर गेली. लोखंडी गाभ्याचा रिअ‍ॅक्टर ऐन फॉल्टच्या प्रवाहात संपृक्त होतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी त्याचा अडसर घटतो, त्यामुळे हवेच्या गाभ्याची, काँक्रीटच्या खांबांत ओतून पक्की केलेली वेटोळी आली. पुढे त्यांची जागा फायबरग्लासने बांधलेल्या कोरड्या वेटोळ्यांनी घेतली.

आज हा रिअ‍ॅक्टर बहुतेक वेळा जुन्या स्विचगिअरसाठी येतो. पॅनेल जुनं, बाहेरचं ग्रिड दरवर्षी बळकट होत गेलेलं आणि ट्रान्सफॉर्मर मोठे बदललेले, अशी ती परिस्थिती असते. सगळे ब्रेकर बदलायचे तर बसबारचे आधार, केबल, अर्थिंग हे सगळंच पुन्हा तपासावं लागतं. दोन सेक्शन जोडणारा कपलर ब्रेकर कायमचा उघडा ठेवला तर फॉल्ट लेव्हल आटोक्यात राहते, पण एक ट्रान्सफॉर्मर गेला की अर्धा भार क्षणात अंधारात जातो. रिअ‍ॅक्टर हा या दोहोंमधला मार्ग.

एक उदाहरण घेऊ. 11 केव्हीची बस, दोन सेक्शन, प्रत्येकावर 40 एमव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर. एका सेक्शनची स्वतःची फॉल्ट लेव्हल 18.4 केए. ब्रेकरचं रेटिंग 25 केए. रिअ‍ॅक्टरशिवाय कपलर थेट बंद करून दोन्ही सेक्शन जोडले तर बेरीज 36.8 केए होते, म्हणजे ब्रेकरच्या क्षमतेच्या जवळजवळ दीडपट. पलीकडच्या सेक्शनकडून येणारा प्रवाह 5.1 केएवर रोखला, तर एकूण 23.5 केए होईल. त्यासाठी त्या वाटेचा एकूण अडसर फेज व्होल्टेज 6350 भागिले 5100, म्हणजे साधारण 1.245 ओहम हवा. त्यातले 0.345 ओहम पलीकडच्या सेक्शनच्या पुरवठ्याचे स्वतःचेच आहेत. उरलेले 0.9 ओहम रिअ‍ॅक्टरचे. 50 हर्ट्झला ते 2.9 मिलीहेन्रीच्या जवळपास भरतात.

इथपर्यंत कोणाचा मतभेद नसतो. घोळ सुरू होतो तो हे 0.9 ओहम कागदावर लिहिताना, कारण परंपरा ओहम लिहायची नाही, टक्के लिहायची आहे.

वेटोळं बनवणाऱ्याच्या दृष्टीने टक्के म्हणजे रेटेड प्रवाह वाहताना फेज व्होल्टेजचा किती भाग रिअ‍ॅक्टरवर पडतो ते. आपला रिअ‍ॅक्टर 1250 अ‍ॅम्पिअरचा असेल तर 0.9 गुणिले 1250 म्हणजे 1125 व्होल्ट, अर्थात 17.7 टक्के. तोच 2000 अ‍ॅम्पिअरचा मागवला तर ओहम तेवढेच राहूनही टक्के 28 च्या वर जातात. फॉल्ट रोखण्याची ताकद काडीइतकीही वाढलेली नसते. सिस्टिम स्टडी, म्हणजे सगळ्या जाळ्यातल्या फॉल्ट प्रवाहांचा हिशेब, करणारा माणूस मात्र सगळं जाळं 100 एमव्हीएच्या समान बेसवर आणतो. त्याच्या तक्त्यात हाच रिअ‍ॅक्टर 74 टक्के दिसतो. आणि ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटची सवय असलेला तिसरा माणूस टक्के म्हटलं की 40 एमव्हीएचा बेस मनात धरतो.

आता निविदेत नुसतं ‘17.7 टक्के’ लिहिलं आणि कोणी ते 40 एमव्हीएवर वाचलं, तर रिअ‍ॅक्टर 0.535 ओहमचा तयार होतो. पलीकडून 5.1 ऐवजी 7.2 केए येतात, बेरीज 25.6 केए होते आणि ब्रेकर पुन्हा अपुरा ठरतो. रिअ‍ॅक्टर बसलेला दिसतो, गरम होत नाही, भार नीट वाहतो. चूक रोजच्या कामात कधीच दिसत नाही. ती पकडायची जागा एकच: चार्ज करण्याआधी नेमप्लेटवरचे ओहम किंवा मिलीहेन्री वाचणं, चाचणीत ते मोजलेले आहेत का हे पाहणं आणि स्टडीतल्या ओहमशी ताडणं. माझ्या मते टक्के लिहूच नयेत. लिहायचेच तर शेजारी अ‍ॅम्पिअर, व्होल्टेज आणि ओहम तिन्ही असावेत.

टक्क्यांइतका नाही, पण रेटिंगच्या आकड्याचाही असाच इतिहास आहे. पूर्वी ब्रेकरची क्षमता एमव्हीएत सांगत. अमेरिकेत 1960च्या दशकापर्यंत त्यात फॉल्टच्या सुरुवातीला मिसळून मग ओसरणाऱ्या डीसी घटकासह एकूण प्रवाह धरण्याची रीत होती, नंतर सिमेट्रिकल, म्हणजे डीसी घटक वगळलेल्या प्रवाहाचा आधार आला. त्यामुळे जुन्या नेमप्लेटवरचा आकडा आणि आजच्या स्टडीतला आकडा एकाच मापाचे आहेत असं धरून चालता येत नाही.

सिमेट्रिकल 25 केए म्हटलं तरी 50 हर्ट्झला ब्रेकर बंद होताना झेलायचा पहिला शिखरप्रवाह त्याच्या 2.5 पट, म्हणजे 62.5 केए, एवढाच धरलेला असतो. रिअ‍ॅक्टरमध्ये रोध फार कमी असतो. त्यामुळे त्याच्या वाटेने येणाऱ्या प्रवाहातला डीसी घटक हळू ओसरतो आणि शिखर 2.7 पटीपर्यंत जातं. आपल्या उदाहरणात थेट येणाऱ्या 18.4 केएचं शिखर सुमारे 47 आणि रिअ‍ॅक्टरमधून येणाऱ्या 5.1 केएचं सुमारे 14, मिळून 61. जेमतेम बसलं. कोणी काटकसर करून रिअ‍ॅक्टर लहान घेतला आणि बेरीज बरोबर 25 केएवर आणली, तर सिमेट्रिकल आकडा नियमात बसतो, पण शिखर 65 केएच्या आसपास जातं. म्हणून 23.5 वर थांबायचं.

व्हॅक्यूम आणि एसएफ6 ब्रेकर रुळल्यावर आणखी एक बाजू पुढे आली. रिअ‍ॅक्टर आणि कपलर ब्रेकर यांच्यामध्ये फॉल्ट झाला आणि तो केवळ रिअ‍ॅक्टरमधून पोसला जात असेल, तर प्रवाह तोडल्यावर रिअ‍ॅक्टरच्या बाजूचं व्होल्टेज फार झपाट्याने उसळतं, कारण वेटोळ्याची स्वतःची धारिता काही शे पिकोफॅरडच असते. प्रवाह रेटिंगच्या पाचव्या भागाइतका असूनही ब्रेकरच्या फटीत पुन्हा आर्क पेटू शकतो. काही दशांश मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की ही उसळी मंदावते.

सर्वांत जुना वाद मात्र अजून मिटलेला नाही. तो बायपासचा. एक ट्रान्सफॉर्मर सेवेत नसताना त्याच्या सेक्शनचा सगळा भार रिअ‍ॅक्टरमधून जातो. 1000 अ‍ॅम्पिअर आणि 0.85 पॉवर फॅक्टर धरला तर त्या सेक्शनचं व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी खाली येतं. मोठी मोटर सुरू करायची वेळ आली तर तेवढंही सोसत नाही. म्हणून रिअ‍ॅक्टरला समांतर बायपास ब्रेकर देतात. त्या वेळी एकच ट्रान्सफॉर्मर चालू असल्याने फॉल्ट लेव्हल 18.4 केएच राहते आणि बायपास निर्धोक असतो.

प्रश्न दुसरा ट्रान्सफॉर्मर परत घेताना येतो. आधी बायपास उघडला तर काही क्षण व्होल्टेज घसरतं. आधी त्या ट्रान्सफॉर्मरला बसशी जोडणारा इन्कमर ब्रेकर घातला तर घसरण टळते, पण तेवढ्या सेकंदांपुरती बस 36.8 केएची होते. ‘इतक्या थोड्या वेळात फॉल्ट येतो कशाला’ असा युक्तिवाद अनेक ठिकाणी चालतो आणि त्यासाठी नको ते ब्रेकर एकाच वेळी बंद होऊ न देणाऱ्या इंटरलॉकला वेळेची सूट दिली जाते. मला ही सूट मान्य नाही. फॉल्टची शक्यता ब्रेकर हलवतानाच सर्वाधिक असते. बराच काळ बंद असलेला ट्रान्सफॉर्मर, दुरुस्तीनंतर विसरलेली अर्थिंग, ओलावा धरलेलं केबल बॉक्स, हे सगळं त्याच सेकंदांत उघड होतं. दोन्ही इन्कमर आणि बायपास या तिघांपैकी कोणतेही दोनच बंद राहू देणारा, सूट नसलेला इंटरलॉक लावायचा. व्होल्टेजची घसरण ट्रान्सफॉर्मरचा टॅप आधी वर घेऊन आणि मोठ्या मोटरची सुरुवात पुढे ढकलून सोसायची.