अंगण व बागवाटेची रात्रीची प्रकाशयोजना (बोलार्ड व अपलाइट)

अंगणातली किंवा बागेतली पायवाट रात्री दिसावी म्हणून कडेने रोवलेले बुटके दिवेखांब (बोलार्ड) आणि झाड किंवा भिंत खालून उजळणारे दिवे (अपलाइट) यांची मांडणी. बोलार्ड साधारण ६० सेंमी. ते १ मी. उंच असतो. अपलाइट जमिनीत बसवतात किंवा खिळ्यासारखा मातीत खोचतात. दोहोंचा प्रकाश डोळ्याच्या पातळीखालून निघतो. डोळे दिपणे (चकाकी) आणि जमिनीवर किंवा भिंतीवर पांढरे ठिपके पडणे (तप्तबिंदू) हे या योजनेतले दोन मुख्य दोष त्यातूनच उद्भवतात.

‘बोलार्ड’ हा शब्द बंदरातला आहे. जहाजाचा दोर अडकवण्याच्या खुंट्याला इंग्रजीत हे नाव होते. झाडाचे खोड या अर्थाच्या जुन्या शब्दापासून ते आले असावे असे बहुतेक कोशकार मानतात, पण खात्रीने सांगत नाहीत. जुन्या तोफा तोंड वर करून पुरल्या आणि त्यांतून रस्त्यावरचे खांब आले, अशीही एक लोकप्रिय उपपत्ती आहे. तोफांचे असे खांब काही ठिकाणी खरोखर आढळतात. मात्र त्यावरून वस्तूचे एक रूप कळते, शब्दाचे मूळ नव्हे. म्हणून खोडाची व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. या खांबावर दिवा नेमका केव्हा आला हे सांगणे कठीण आहे. आपल्याकडच्या वाड्यांत उजेडाची सोय भिंतीतल्या देवळीत असे. देवळीच्या खोलीमुळे ज्योत बाजूने दिसत नसे, समोरची फरशी तेवढी उजळे. आजच्या चकाकीरोधक झडपांचे तत्त्वही हेच आहे.

तप्तबिंदू का पडतात : दिव्यापासून दूर जावे तसा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, शिवाय तो जमिनीवर तिरपा पडतो. सर्व दिशांना सारखा प्रकाश देणारा दिवा ८० सेंमी. उंचीवर असल्यास आणि खांबाच्या बुडाशी पडणारा प्रकाश १०० मानल्यास, दीड मीटरवर सुमारे १० आणि दोन मीटरवर जेमतेम ५ उरतो. खांब ४ मी. अंतराने रोवले तर मध्यावर दोन्हीकडून मिळून १० भरतात, म्हणजे बुडाच्या एकदशांश. अंतर ३ मी. केले तर मध्यावर २१ मिळतात. एकास पाच हे प्रमाण डोळा सहज पेलतो; एकास दहा झाले की वाट ठिगळांची दिसते आणि मधल्या अंधारातली पायरी चुकते. अशा वेळी जास्त वॅटचा दिवा लावणे हा नेहमीचा चुकीचा उपाय होय. त्याने ठिपका व मधली जागा दोन्ही सारख्याच पटीने उजळतात आणि प्रमाण आहे तेच राहते. उपयोग होतो तो खांब जवळ आणण्याचा किंवा प्रकाश बुडाशी कमी व बाजूला जास्त फेकणाऱ्या भिंगाचा.

उंची वाढवूनही प्रमाण सुधारते. १ मी. उंचीवर ३ मी. अंतरातल्या मध्याला बुडाच्या ३४ टक्के प्रकाश मिळतो. पण लहान मुलाचा डोळा याच उंचीच्या आसपास असतो, म्हणून घरगुती अंगणात ८० सेंमी. बरे.

चकाकी : दिव्याचा प्रकाश आडव्या रेषेच्या वर जाऊ न देणारा बोलार्ड उभ्या माणसाला त्रास देत नाही. मराठवाड्यात मात्र उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपण्याची रीत आहे, आणि बाजेवर आडव्या झालेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून जेमतेम ५० सेंमी.वर येतो. तो दिव्याकडे खालून पाहतो, त्यामुळे आडव्या रेषेवरची झडप त्याच्या कामाची नाही. झडप आडव्याच्या १५ अंश खाली असावी. तेव्हा ८० सेंमी. उंचीचा प्रकाश सुमारे ३ मी. पर्यंतच पोचतो, जो ३ मी. अंतराच्या खांबांना पुरतो. आणि बाजेवरच्या माणसाला दिवा दिसतो तो फक्त सुमारे १.१ मी.च्या आत.

हा १५ अंशांचा राखीव भाग काळ्या मातीतही उपयोगी पडतो. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. उथळ पायाचा खांब दोन-तीन हंगामांत कलू शकतो. आडव्या रेषेवर झडप असलेला खांब ५ अंश कलला, तर ६ मी.वर त्याच्या प्रकाशाची वरची कड सुमारे १.३ मी. उंचीवर जाते. ओसरीवर मांडी घालून बसलेल्याच्या डोळ्यांत ती नेमकी शिरते. घरचे लोक मग दिवा बदलतात, दोष मात्र पायात असतो. काळी माती उथळ असेल तर मुरमापर्यंत खोदावे. खोल असेल तर निदान ६० सेंमी.चा खड्डा घेऊन तळाशी मुरूम ठोकून भरावा आणि त्यावर ३० × ३० × ४५ सेंमी.चा काँक्रीटचा ठोकळा घालून त्यात बोल्ट बसवावेत. ओळंबा लावूनच नट आवळावेत.

उदाहरण : फाटकापासून ओसरीपर्यंत १२ मी. लांब व १.२ मी. रुंद फरशीची वाट घेऊ. पहिला खांब फाटकापासून दीड मीटरवर, पुढचे दर ३ मी.वर, एकाच बाजूला, एकूण चार. दोन्ही टोकांना फाटकाचा व ओसरीचा दिवा असतोच. प्रत्येकी १५० ते २०० ल्युमेन, म्हणजे २-३ वॅट एलईडी पुरे. वाटेवर ५ ते १० लक्स मिळतात. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास मिळतो, हे लक्षात घेतले तर हा उजेड कमी वाटणार नाही. दुकानात सहज दिसणारे ९ व १२ वॅटचे खांब इथे नकोत. प्रकाशाचा रंग पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचा ठेवावा. बाजेजवळच्या खांबाला वेगळे बटण द्यावे.

अपलाइट : कडुनिंबासारख्या पसरट झाडाला दिवा खोडाला चिकटवून लावला, तर बुंध्याचा हातभर भाग पांढराफटक होतो व फांद्या काळ्याच राहतात. दिवा ६० ते ९० सेंमी. दूर ठेवून १०-१५ अंश खोडाकडे कलवावा व ३६ अंशांच्या आसपासचा झोत घ्यावा. तो चालणाऱ्याच्या बाजूने झाडाकडे रोखावा, उलट दिशेने नव्हे, आणि काचेवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसवावी. काळ्या पाषाणाची भिंत प्रकाश गिळते, चुन्याची परत फेकते. दोन्हींना एकच दिवा लावणे चूक.

काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे जमिनीतला अपलाइट आषाढात अक्षरशः बुडतो. त्याखाली ३० सेंमी. खडीचा थर आणि पाणी बाहेर नेणारी नळी लागते. तापलेला दिवा पावसाने एकदम थंड झाला की आत ओल ओढून घेतो, बहुधा वायरच्या तोंडातून. काचेच्या आतून दव धरले, की झोत विखुरतो आणि जाळी असूनही डोळे दिपतात. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बाहेरून तेच करतो. तो सौम्य व्हिनेगरने निघतो, आतले दव मात्र सांधा नव्याने जेल किंवा रेझिनमध्ये बंद केल्याशिवाय जात नाही. २३० व्होल्टची जोडणी असल्यास विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अनिवार्य समजावा.

खोदण्यापूर्वी दिवे विटांवर ठेवून, शक्यतो अमावास्येच्या सुमारास, बाजेवर पडून, ओसरीवर बसून व वाटेवरून चालून पाहावे.